कोणतेही दोन

माझा नवरा बर्टी वाचतो. पुस्तकं नाही हं, पुस्तकाला त्याने शाळा सुटल्यापासून हात लावलेला नाही. पण छापलेलं दिसलं की त्याला राहवत नाही. ओट्सचा डबा, खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, कीटकनाशक डोळ्यांत गेलं तर काय करावं, सगळं मोठ्याने वाचतो. तीस वर्षं मी हे ऐकते आहे. एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी नवीन मिक्सर आणला, तर ह्या माणसाने सूचनांचं पत्रक आधी इंग्रजीत वाचलं आणि मग स्पॅनिशमध्ये, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. तोवर ज्यूससाठी कापलेली पपई काळी पडली.

दुसरं वेड व्हेव्हेचं, म्हणजे आमच्या बेटावरच्या मटक्याचं. छत्तीस आकडे, खेळणारे त्यांना ‘मार्क’ म्हणतात, प्रत्येकाचा एक मालक: एक म्हणजे गोम, दोन म्हणजे म्हातारी, चार म्हणजे मेलेला माणूस, बारा म्हणजे राजा. स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा लावायचा. बर्टी नुसत्या स्वप्नांवर थांबत नाही, तो तक्ता ठेवतो. कुठला आकडा कधी खेळला, म्हणजे सोडतीत निघाला, किती दिवस खेळला नाही, कुठला आता ‘यायचा राहिलाय’, सगळं जुन्या कॅलेंडरांच्या मागे आखलेलं. त्याच्या हिशेबाने यायचा राहिलेला आकडा आजवर कधीच वेळेवर आलेला नाही. पण हे त्याला सांगायला जाऊ नका.

तर ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, आमची अकीला जेवणाच्या टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिकांचा ढीग घेऊन बसली आणि बर्टी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. रविवारी सोडत नसते, त्याची टॅक्सीही बंद, त्यामुळे माणूस मोकाट. मी समोरच अळूच्या पानांच्या शिरा काढत होते, कॅलालूच्या भाजीसाठी.

ढीग कुठून आला ते सांगते, कारण सगळं त्या ढिगापाशीच घडलं. अकीला तेवीस वर्षांची, मायारोच्या बेकरीत गल्ल्यावर बसते. तिला नर्स व्हायचंय, लहानपणापासून. शाळेतले बाकी विषय तिच्या खिशात आहेत, फक्त गणित राहिलं होतं, आणि नर्सिंगच्या वर्गाला गणितात तिसरी श्रेणी किंवा वरची लागते. म्हणून जूनमध्ये ती बाहेरून बसली. शिकवणी नाही, काही नाही. तिचा आतेभाऊ लेनॉक्स २०१३ साली पास झाला होता, त्याने आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या आणि वर गुरुमंत्रही दिला. रोज बेकरीतून येऊन ती सोडवायची. परीक्षेच्या दिवशी हसत बाहेर आली, म्हणाली, “मम्मी, पंचवीस मिनिटं उरली!”

ऑगस्टमध्ये निकाल लागला. चौथी श्रेणी. एकाने हुकली.

निकालाच्या कागदावर काही कळत नाही हो. एक आकडा आणि तीन अक्षरं, कुठे चुकलं ते सांगायला कुणी बांधील नाही. पोर दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. आणि हा माझा नवरा दारात उभा राहून काय म्हणाला? “चार? मेलेला माणूस!” आणि गेला की आकडा लावायला. आली गोम. मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

तसा तो दगड नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्याने आपल्या टॅक्सीत मोहीम काढली. मायारो ते रिओ क्लारो, ज्याच्याज्याच्या घरात परीक्षा दिलेलं पोर असेल त्याच्याकडून जुने पेपर मागायचे. मागच्या सीटवर बाई बसली की ह्याचं सुरू, “काय मावशी, घरात गणित आहे का पडलेलं?” दोन महिन्यांत एवढा ढीग जमला की मला मीठ ठेवायला जागा उरली नाही. आणि अकीलाने त्याला हात लावला नाही. म्हणाली, “डॅडी, मी ढ आहे, हे मला कळलंय. आता पुरे.” जानेवारीच्या परीक्षेचं नाव नोंदवायची शेवटची तारीख येत्या शुक्रवारी होती. तिने नोंदवलं नव्हतं.

आणि आज ती ढीग लावत होती ती अभ्यासाला नव्हे. शेजारच्या ग्लेनिसच्या मुलीला चांगले पेपर द्यायचे आणि बाकीचे धक्क्यावर मासे बांधायला. तिने सकाळीच सांगितलं, “आज हे टेबल रिकामं करते, मम्मी.” आणि मी बर्टीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला रडू आलं की तो कानातला मळ काढतो. काढत होता.

“मी मदत करतो,” तो म्हणाला.

आता बर्टीची मदत म्हणजे काय ते मला विचारा. ढीग संपू नये म्हणून तो बसला होता, दुसरं काही नाही.

अकीला पद्धतशीर पोरगी. तिने आधी विषय वेगळे केले, कारण बायाबापड्यांनी गणित म्हणून काहीही दिलं होतं: समाजशास्त्र, शिवणकाम, एक तर चर्चच्या रविवारच्या शाळेतली पुस्तिका. मग गणिताचे दोन भाग. “हे बघ, डॅडी, इथे कोपऱ्यात नंबर असतो. पहिले पाच आकडे विषयाचे. शेवटी ०१० असेल तर पेपर एक, ०२० असेल तर पेपर दोन.”

बर्टीने चष्मा लावला. “शून्य, एक, दोन, तीन, चार. हा गणिताचा नंबर?”

“हो.”

“ह्यांना आकडे येतात की नुसते मोजता येतात? ओळीने घेतलेत! असा आकडा मी लावला तर दुकानदार मला हाकलून देईल.”

“डॅडी, लावू नकोस. ठेव. पेपर एक इकडे.”

पेपर एक म्हणजे साठ प्रश्न, चारातलं एक उत्तर निवडायचं. ती पुस्तिका हॉलबाहेर नेता येत नाही, म्हणून जे फिरतात ते कुणी लक्षात ठेवून टाइप केलेले, अर्ध्यांत उत्तरच नसलेले. अकीलाने ते सरळ माशांच्या ढिगात टाकले. पेपर दोन खरा, त्यात पायऱ्या मांडून उत्तरं लिहायची. त्याचे तिने दोन गठ्ठे केले, मे-जूनचे आणि जानेवारीचे, आणि प्रत्येकात साल लावायला लागली.

ती साल लावते, हा साल हलवतो. तिने २०१४ ठेवला की हा उचलतो, “हा छान दिसतो, ह्याचा कागद गुळगुळीत आहे,” आणि ठेवतो २०११ च्या खाली. जानेवारीतला जूनमध्ये. दोनदा तिने निमूट परत लावलं. तिसऱ्यांदा म्हणाली, “डॅडी, हात टेबलाखाली.”

हात टेबलाखाली गेले. दोन मिनिटं. मग एक हात वर आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागची कोरी बाजू वर करून. पेन्सिल कानामागची.

“काय करतोयस?”

“तक्ता. कुठला प्रश्न यायचा राहिलाय ते काढून देतो. ग्लेनिसच्या मुलीला फुकट जाईल.”

“डॅडी, हे व्हेव्हे नाही!”

“सगळं व्हेव्हेच असतं, बाळा. कुणीतरी आकडा काढणारा बँकवाला बसलेला असतो आणि तो ठरवतो. सांग, पहिला प्रश्न काय खेळला? २०१२?”

अकीलाने सुस्कारा टाकला. पण सांगितलं. “आकडेमोड. अपूर्णांक, विनिमय दर.”

“२०१३?”

“आकडेमोड.”

“२०१४?”

“डॅडी, पहिला प्रश्न दर वर्षी आकडेमोडच असते. दुसरा बीजगणित. मग आलेख, भूमिती, सांख्यिकी. एक प्रश्न काड्यांच्या नक्षीचा असतो, पुढची आकृती काढायची, सूत्र शोधायचं. सगळं दर वर्षी येतं. अभ्यासक्रमच तसा आहे.”

बर्टीने पेन्सिल खाली ठेवली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “सगळे मार्क? दर वेळी? त्याच जागी?”

“जवळजवळ.”

“आणि लोक हरतात?”

मी हसले तर अळूचा देठ माझ्या हातातून उडाला. अकीला नाही हसली. “हो,” ती म्हणाली, “मी हरले,” आणि २०१५ चा पेपर जरा जोरात आपटून ठेवला.

बर्टीच्या कानात बोट गेलं. मी म्हटलं, “बर्टी, पोरीला काम करू दे, जा, नारळ खवून आण.” गेला नाही. आतलं गणित त्याच्या डोक्यावरून जात होतं, म्हणून त्याने त्याला येतं तेच केलं. प्रत्येक पेपरचं मुखपृष्ठ वाचायला लागला. मोठ्याने.

“‘पेपर दोन. सामान्य प्रावीण्य. दोन तास चाळीस मिनिटं.’ पुरे झाले की एवढे. ‘ह्या पेपरात दोन विभाग आहेत. विभाग एकमधले सगळे प्रश्न सोडवा. विभाग दोनमधले कोणतेही दोन सोडवा.’ हे बरं आहे. निवडायला मिळतं. ‘साधं गणकयंत्र चालेल. सांगितल्याशिवाय पुस्तिका उघडू नका.’”

“डॅडी, मुखपृष्ठ कुणी वाचत नाही. सगळ्यांवर तेच असतं.”

“म्हणूनच वाचतो. बिचारं कुणीतरी छापलंय.” पुढचा पेपर. “‘विभाग एकमधले सगळे. विभाग दोनमधले कोणतेही दोन.’” पुढचा. “‘सगळे. कोणतेही दोन.’” तक्त्यावर एकेक रेघ मारत गेला. मला झोप यायला लागली. अकीला ग्लेनिसच्या मुलीच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होती. ढीग संपत आला होता, आणि मला ती दोरीची गाठ बघवेना.

बर्टीने तळाचे तीन-चार पेपर उचलले. ते नवे होते, त्याने रिओ क्लारोहून आणलेले, अजून कुणी उलटलेही नव्हते. वाचले. परत वाचले. मग तक्त्याकडे बघून डोकं खाजवलं.

“बाळा, तुझं म्हणणं चूक आहे. सगळं दर वर्षी येत नाही. एक मार्क यायचा राहिलाय.”

“कुठला?”

“कोणतेही दोन. २०१७ पर्यंत दर वेळी खेळला. २०१८ पासून नाहीच. हे बघ, नुसतं ‘सगळे प्रश्न सोडवा’. २०१९ च्या जानेवारीतही नाही. जूनमध्येही नाही. मी सांगतो, ह्या जानेवारीत येणार म्हणजे येणार!”

अकीलाच्या हातातली दोरी सुटली. “काय म्हणालास?”

“येणार म्हणजे ये...”

“त्याआधी!”

तिने त्याच्या हातातला जूनचा पेपर असा ओढला की कोपरा त्याच्याकडेच राहिला. मुखपृष्ठ वाचलं. पान उलटून मागे गेली. मग लेनॉक्सचा २०१३ घेतला, शेजारी ठेवला. तिचं बोट दोन्हींवर फिरत होतं. “इथे अकरा प्रश्न आहेत. पहिले आठ करायचेच, पुढच्या तिनांतले कोणतेही दोन. आणि इथे दहा आहेत. दहाच्या दहा करायचे.” मग तिने तोंडावर हात ठेवला.

मला काही कळेना. म्हटलं, “अगं काय झालं? सांग तरी!”

“लेनॉक्स म्हणाला होता, वर्तुळाच्या वाटेला जाऊच नकोस. शेवटच्या तिनांतला एक सोडायचाच असतो, तो वर्तुळाचा सोड. त्याने तेच केलं होतं. मी पण तेच केलं, मम्मी. दर वेळी, प्रत्येक पेपरात. आणि जूनमध्ये हॉलमध्ये पण. मी नववा प्रश्न वाचलासुद्धा नाही. पानं तशीच कोरी सोडली आणि वाटलं, वा, पंचवीस मिनिटं उरली!”

“म्हणजे तो सोडायचा नव्हता?” बर्टी म्हणाला.

“नव्हता, डॅडी! २०१८ ला पेपर बदलला. लेनॉक्सच्या वेळचा नियम लेनॉक्सबरोबर गेला.”

“किती गुणांचा?”

“शंभरातले बारा.”

“बारा!” बर्टी उठून उभा राहिला. “राजा!”

“बस खाली,” मी म्हटलं. पण इतकी वर्षं मी त्या माणसाला गप्प बस म्हणत आले, आणि आज त्याच्या बडबडीचे पाय धरावेसे वाटले.

अकीलाने पेन ओढलं आणि त्याच नवव्या प्रश्नावर वाकली. मग किंचाळली. “हे बघा! वर्तुळ नुसतं अर्धं आहे! दुसरा अर्धा भाग दिशांचा आहे. एक होडी धक्क्यावरून निघते, ०६५ अंशांवर जाते, मग वळते. हे मला येतं! मी ते बघितलंच नाही.”

“०६५?” बर्टी पुढे वाकला. टॅक्सीआधी अकरा वर्षं त्याने मासेमारीची होडी चालवली होती. “उत्तरेपासून. घड्याळाच्या काट्याप्रमाणे. तीन आकडे, पासष्ट असले तरी पुढे शून्य.” त्याने मिठाचा डबा उत्तर केला, माझ्या हातातलं अळूचं पान हिसकावून त्याची होडी केली. “इथून निघाली. इथे पोचली. परत यायचं तर?”

“१८० मिळवायचे. २४५.”

“बरोबर! आणि हे असलं विचारतात त्यात? हे तर मी झोपेत सांगेन!”

“मग वर्तुळ पण सांग झोपेत.”

“वर्तुळात मी होडी चालवली नाही, बाळा. चालवली असती तर अजून समुद्रातच असतो.”

आता मात्र ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली आणि बर्टीच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “मी ढ नाही, डॅडी.” तो म्हणाला, “नाहीसच. मी कधी म्हटलं?” आणि मोकळ्या हाताने कान खाजवायला लागला. मी उठून पातेलं ठेवायला गेले, कारण माझ्याच्याने तिथे बसवेना.

गठ्ठ्याची दोरी सुटली ती सुटलीच. अकीलाने सगळा ढीग परत पसरला आणि ह्या वेळी नवीन रचना केली: जुन्या पेपरांतला प्रत्येक वर्तुळाचा प्रश्न कापून एका फाइलमध्ये. लेनॉक्सला फोन करून तिने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, तो चर्चमध्ये गातो. शुक्रवारची वाट कोण बघतं, सोमवारी सकाळी बर्टीने टॅक्सीच्या पुढच्या काचेला ‘बंद’ लावलं आणि तिला अर्ज भरायला घेऊन गेला. जाताना अर्जाच्या मागचं सगळं मोठ्याने वाचलं, आणि कुणीही त्याला थांबवलं नाही.

जानेवारीत तो हॉलच्या फाटकाबाहेर दोन तास चाळीस मिनिटं उभा होता. अकीला सगळ्यांत शेवटी बाहेर आली, हातावर शाई, केस विस्कटलेले. हा धावला. “काय खेळलं?”

“सगळे,” ती म्हणाली. “वेळ एक मिनिट पण उरला नाही. आणि डॅडी, बाई सूचना वाचत होत्या, पण मला तुझाच आवाज ऐकू येत होता.”

निकालाच्या दिवशी तिने कागद छापून आणला आणि न वाचताच, घडी घालून त्याच्या हातात दिला. “वाच.”

बर्टीने चष्मा लावला आणि वरून सुरुवात केली. परीक्षेचं नाव. साल. उमेदवाराचं नाव, तेही आडनावापासून. क्रमांक. जन्मतारीख, जी त्याला पाठ असायला हवी होती. “बर्टी,” मी म्हटलं, “मी आता तुझा जीव घेईन.” “थांब ना, छापलंय!” विषय, गणित. प्रावीण्य, सामान्य. श्रेणी...

आणि थांबला. ओट्सचा डबा न सोडणारा माणूस. कानातही बोट गेलं नाही, पाणी डोळ्यांतून सरळ गालावर. मी कागद खेचून घेतला आणि मीच वाचलं. दुसरी श्रेणी.

“दोन,” तो कसाबसा म्हणाला. “म्हातारी.”

“आकडा लावायला जायचं नाहीये,” मी म्हटलं.

तो मान हलवून खुर्चीत बसला आणि कागद घडी करून खिशात घालायला लागला, तर अकीलाने त्याचा हात धरला. खाली अजून बारीक अक्षरांत बरंच छापलेलं होतं.

“अर्धवट नाही, डॅडी,” ती म्हणाली. “सगळं वाचायचं.”

त्याने नाक पुसलं, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागला.